आठ उत्तरांचं यंत्र: नियम ११० हाताने चालवून बघा

एकमितीय सेल्युलर ऑटोमॅटा हे नाव भारदस्त आहे, पण यंत्र साधं आहे. एका ओळीत घरं आहेत, प्रत्येक घरात ० किंवा १. प्रत्येक घर तीनच गोष्टी बघतं: डावा शेजारी, स्वतः आणि उजवा शेजारी. त्यावरून पुढच्या ओळीत आपण काय व्हायचं ते ठरवतं. सगळी घरं एकाच वेळी बदलतात आणि सगळ्यांना नियम एकच. स्मृती नाही, मध्यवर्ती नियंत्रण नाही, आणि दूरचं कुणाला दिसत नाही.

या लेखात अशाच एका नियमाच्या, नियम ११०च्या, मागे लागायचं आहे. पुरेसा वेळ आणि योग्य सुरुवातीची ओळ दिली, तर कुठलाही संगणक करू शकेल अशी कुठलीही गणना हा नियम करू शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. ते कसं, हे समजायला आधी नियम हाताखालून जायला हवा. चौकटीची वही आणि पेन्सिल घ्या. पायथन येत असेल तर उत्तम, पण पहिल्या भागाला त्याची गरज नाही.

नियमाचा क्रमांक कसा लावतात

तीन घरांत ०-१ भरायच्या आठच तऱ्हा आहेत. नियम म्हणजे या आठ तऱ्हांची आठ उत्तरं. प्रत्येक उत्तर ० किंवा १, म्हणून एकूण नियम २५६. स्टीफन वोल्फ्रॅम यांनी १९८३ मध्ये यांना क्रमांक द्यायची पद्धत रूढ केली: तऱ्हा `111` पासून `000` पर्यंत उतरत्या क्रमाने मांडायच्या, खाली उत्तरं लिहायची, आणि उत्तरांची ती ओळ द्विमान संख्या म्हणून वाचायची.

```
111 110 101 100 011 010 001 000
 0   1   1   0   1   1   1   0
```

`01101110` म्हणजे ६४ + ३२ + ८ + ४ + २, अर्थात ११०.

हा तक्ता पाठ करत बसू नका. त्याचं दोन वाक्यांत रूपांतर होतं आणि हाताने चालवताना तीच कामी येतात. घरात ० असेल तर उजव्या शेजाऱ्याची नक्कल करायची. घरात १ असेल तर १च राहायचं. मात्र दोन्ही शेजारी १ असतील तर ० व्हायचं. आठही तऱ्हा या दोन वाक्यांशी ताडून बघा, जुळतात.

तक्त्याकडे आणखी एका नजरेने बघता येतं. डावा शेजारी ० असेल तेव्हा उत्तर म्हणजे मधल्या आणि उजव्या घराचं ऑर: एक तरी १ असेल तर १. डावा १ असेल तेव्हा त्याच दोघांचं एक्सऑर: नेमकं एकच १ असेल तर १. म्हणजे डावं घर एखाद्या स्विचसारखं कुठलं गेट लावायचं ते ठरवतं. इथे बऱ्याच जणांना वाटतं की गेटं मिळाली म्हणजे संगणक मिळाला. तसं नाही. गेटांना तारा लागतात. एका ठिकाणचं उत्तर दुसऱ्या ठिकाणी अबाधित पोचवता आलं पाहिजे, आणि इथे तर प्रत्येक घर प्रत्येक ओळीत आपलं गेट चालवतच राहतं. थांब म्हणायची सोय नाही. खरी अडचण ही वाहतुकीची आहे, आणि उरलेला लेख बहुतेक तिच्याबद्दलच आहे.

वहीत नऊ ओळी

वहीच्या उजव्या बाजूला एकच घर १ करा, बाकी सगळी ०. त्याखाली पुढची ओळ, त्याखाली त्यापुढची. अशा ओळी उतरतील:

```
        1
       11
      111
     1101
    11111
   110001
  1110011
 11010111
111111101
```

पाचव्या ओळीवरून सहावी कशी आली ते पाहू. ओळ आहे `11111`. तिच्या लगत डावीकडे जे ० आहे, त्याचा उजवा शेजारी १, म्हणून ते १ झालं. पहिल्या १ चा डावा शेजारी ०, म्हणून तो टिकला. मधल्या तिघांना दोन्हीकडे १, म्हणून ते तिघंही ० झाले. शेवटच्या १ च्या उजवीकडे ०, म्हणून तोही टिकला. मिळालं `110001`. मध्ये जी तीन शून्यं तयार झाली, ती पुढच्या ओळीत दोन होतात, त्यापुढे एक, आणि मग भरून जातात. नियम ११०च्या चित्रात सगळीकडे दिसणारे रिकामे त्रिकोण असेच घडतात: सलग एकांचा पट्टा कोसळतो आणि पडलेली पोकळी उजवीकडून भरत येते.

चित्र डावीकडेच वाढतं हेही लक्षात घ्या. तुमचं उजवीकडे वाढलं, तर डावं-उजवं उलटं झालं आहे आणि तुम्ही नियम १२४ चालवताय. तो नियम ११०ची आरशातली प्रतिमा आहे, त्यामुळे तसं काही बिघडलेलं नाही, फक्त इथल्या आकृत्यांशी जुळणार नाही. आठ उत्तरं उलट्या क्रमाने लिहिली तर मात्र नियम ११८ होतो, आणि तो वेगळाच प्राणी आहे. नऊ ओळी हुबेहूब जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

संगणकावर

```python
RULE = 110

def step(row):
    n = len(row)
    return [(RULE >> (4*row[i-1] + 2*row[i] + row[(i+1) % n])) & 1
            for i in range(n)]

def show(row):
    print(''.join('#' if c else '.' for c in row))

row = [0]*78 + [1]
for t in range(60):
    show(row)
    row = step(row)
```

तीन घरांतून ० ते ७ असा एक आकडा बनतो आणि ११०च्या द्विमान रूपातला तेवढ्याव्या स्थानाचा अंक उत्तर म्हणून उचलला जातो. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे जुन्या यादीतच बदल करत जाणं. तसं केलं की दुसऱ्या घराला डावा शेजारी नवा दिसतो आणि उजवा जुना. चित्र तरीही नक्षीदार येतं, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. वहीतल्या नऊ ओळी इथे पडताळ्याला वापरा. वरच्या कोडमध्ये दर वेळी नवी यादी तयार होते, म्हणून तो धोका नाही.

दुसरी गोष्ट: या कोडमध्ये ओळीची दोन टोकं जोडलेली आहेत, म्हणजे ओळ खरं तर कडं आहे. ७९ घरांच्या ओळीत ६० पायऱ्यांपर्यंत त्याने फरक पडत नाही. पायऱ्या शंभर केल्या तर डावीकडे वाढणारं चित्र फिरून उजव्या टोकाला धडकेल, आणि पुढे दिसेल ते कड्याचं वागणं असेल.

ईथर: न बिघडणारी पार्श्वभूमी

आता वाहतुकीकडे. नियम ११०मध्ये संदेश रिकाम्या, म्हणजे सगळी शून्यं असलेल्या जागेतून जात नाहीत. ते एका नक्षीतून जातात, जिला या क्षेत्रातले लोक ईथर म्हणतात. ती चौदा घरांची आहे: `00010011011111`, पुन्हा पुन्हा शेजारी मांडलेली. तिच्यावर एक पायरी हाताने चालवून बघाच, पाच मिनिटांचं काम आहे:

```
आधी   00010011011111
नंतर   00110111110001
```

वरची ओळ चौदाच्या कड्यावर आहे असं धरा, म्हणजे शेवटच्या घराचा उजवा शेजारी म्हणजे पहिलं घर. खालच्या ओळीतली शेवटची चार घरं, `0001`, उचलून पुढे आणून ठेवा. तीच नक्षी परत मिळते. म्हणजे ईथर दर पायरीला चार घरं डावीकडे सरकतं आणि बाकी काहीच करत नाही. सात पायऱ्यांत अठ्ठावीस घरं, म्हणजे चौदाच्या बरोबर दुप्पट. म्हणून दर सात पायऱ्यांनी ते आहे तिथे परत आलेलं दिसतं.

हे ईथर हाताने मांडायचीही गरज नसते. कशीही अस्ताव्यस्त ओळ घ्या, काहीशे पायऱ्यांत बराचसा भाग आपोआप ईथरने भरतो. उरतात त्यातल्या फटी आणि सांधे, आणि ते सांधे चालतात. त्यांना ग्लायडर म्हणतात. ते उघड दिसावेत म्हणून एक युक्ती: फक्त दर सातवी ओळ छापा. मग ईथर स्थिर उभ्या पट्ट्यांसारखं दिसतं आणि हलतंय तेवढंच डोळ्यात भरतं.

```python
import random
row = [random.randint(0, 1) for _ in range(210)]
for t in range(500):
    row = step(row)
for t in range(80):
    show(row)
    for k in range(7):
        row = step(row)
```

टर्मिनलचा फाँट लहान करा, नाहीतर ओळी मोडतील आणि काहीच कळणार नाही. २१० ही चौदाच्या पटीतली संख्या आहे. ग्लायडर नसलेलं शुद्ध ईथर कड्यावर बसवायचं असेल तर तशीच लांबी लागते.

ग्लायडरांना अक्षरांची नावं आहेत. ए तीन पायऱ्यांत दोन घरं उजवीकडे जातो. बी चार पायऱ्यांत दोन घरं डावीकडे. सी जागेवरच उभा राहतो आणि सात पायऱ्यांनी आपलं रूप परत धारण करतो, म्हणून वरच्या छापील चित्रात तो अगदी सरळ रेघ दिसतो. ई-बार तीस पायऱ्यांत आठ घरं डावीकडे सरकतो. आणखीही आहेत, पण पुढच्या बांधणीत ए, सी-२ (सी ग्लायडरांच्या तीन रूपांपैकी एक) आणि ई जातीतले ग्लायडर हेच महत्त्वाचे.

दोन ग्लायडर भिडले की काय होईल हे त्यांच्यातल्या नेमक्या अंतरावर ठरतं. उभ्या सी-२ वर ई-बार येऊन आदळायच्या मोजून सहा तऱ्हा आहेत. एखाद्या तऱ्हेत दोघं एकमेकांतून पार होतात, बाकीच्यांत दोघांचं भलतंच काही होतं. एकदोन घरांचा फरक, आणि परिणाम पूर्ण वेगळा. ही नाजूकपणाची बाब वाटते, पण गणना करायला नेमकं हेच लागतं: अंतरात माहिती भरता येते.

मध्ये एक छोटं यंत्र: फिरत्या याद्यांची रांग

ट्युरिंग यंत्र म्हणजे पट्टीवर मागे-पुढे जाणाऱ्या डोक्याने वाचणारं-लिहिणारं, संगणकाचं कागदावरचं रूप. नियम ११०वर ते थेट बसवायला जावं तर डोकं फुटेल. म्हणून मध्ये एक सोपं यंत्र घेतात, सायक्लिक टॅग प्रणाली. हिच्याकडे ०-१ ची एक रांग असते आणि जोडायच्या तुकड्यांची एक ठरलेली यादी. दर फेरीला रांगेतला पहिला अंक काढून टाकायचा. तो १ असेल तर यादीतला सध्याचा तुकडा रांगेच्या शेवटी जोडायचा. ० असेल तर काही जोडायचं नाही. दोन्ही बाबतींत यादीतल्या पुढच्या तुकड्यावर जायचं, आणि यादी संपली की परत पहिल्यावर यायचं.

तुकडे दोन घेऊ, `10` आणि `0`. सुरुवातीची रांग `11`.

```
फेरी  तुकडा  काढला  रांग
 1    10     1     110
 2    0      1     100
 3    10     1     0010
 4    0      0     010
 5    10     0     10
 6    0      1     00
 7    10     0     0
 8    0      0     (रिकामी)
```

रांग रिकामी झाली, यंत्र थांबलं. हे उदाहरण खेळण्यातलं आहे, पण तुकडे योग्य निवडले तर ही प्रणाली कुठल्याही ट्युरिंग यंत्राची नक्कल करते. त्या साखळीतली मधली कडी जुनी आहे: दर फेरीला दोन चिन्हं काढणाऱ्या साध्या टॅग प्रणाली सार्वत्रिक आहेत, म्हणजे कुठलीही गणना करू शकतात, हे कॉक आणि मिन्स्की यांनी १९६४ मध्ये दाखवलं होतं.

या यंत्राचा मोठा फायदा म्हणजे त्याला मागे-पुढे जाणारं डोकं नाही. तुकडे एकामागून एक ठरलेल्या क्रमाने येत राहतात, रांगेत काहीही असो. निर्णय एकच: समोरचा अंक १ असेल तर हा तुकडा घ्यायचा, नसेल तर टाकायचा. एकाच दिशेने येणारे ग्लायडर एवढं नक्कीच करू शकतात.

रांग नियम ११०वर कशी बसते

ही बांधणी मॅथ्यू कुक यांची. नियम ११० सार्वत्रिक असावा असा वोल्फ्रॅम यांचा १९८०च्या दशकातला अंदाज होता. त्यांच्याकडे काम करत असताना कुक यांनी १९९०च्या दशकात तो सिद्ध केला. १९९८ मध्ये सांता फे इन्स्टिट्यूटच्या परिषदेत त्यांनी तो मांडला, मग गोपनीयतेच्या करारावरून प्रकरण कायदेशीर वादात अडकलं, आणि पूर्ण सिद्धता छापून यायला २००४ उजाडलं. शून्य-एकच्या आठ उत्तरांवरून वकील उभे राहिले, हेही या विषयात घडून गेलंय.

ईथरचं मैदान डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी रांग उभी आहे. प्रत्येक अंक म्हणजे चार सी-२ ग्लायडरांचा गट. ते चारही जागच्या जागी उभे, आणि त्यांच्यातल्या अंतरावरून तो ० आहे की १ ते ठरतं. रांगेचं तोंड उजवीकडे आहे आणि शेपूट डावीकडे.

उजवीकडून तुकड्यांची यादी चालत येते, डावीकडे सरकणाऱ्या ग्लायडरांच्या रूपात, आणि तीच यादी पुन्हा पुन्हा, अनंतापर्यंत. प्रत्येक तुकड्याच्या अग्रभागी एक म्होरक्या असतो. तो रांगेच्या तोंडाशी असलेल्या अंकावर आदळतो आणि तो अंक मोडतो, म्हणजेच पहिला अंक काढून टाकायचं काम झालं. अंक मोडताना काय बाहेर पडतं हे तो कुठला होता यावर अवलंबून असतं. ० असेल तर नकार देणारा ग्लायडरांचा जथा उजवीकडे निघतो, मागून येणाऱ्या तुकड्याचे भाग एकेक करून नष्ट करतो, आणि पुढच्या म्होरक्याशी संपतो. १ असेल तर होकार देणारा जथा निघतो; तो त्याच भागांना चालत्या अंकांमध्ये बदलतो.

हे चालते अंक डावीकडे जातात आणि वाटेतल्या सगळ्या उभ्या रांगेतून, तिला धक्का न लावता, पार होतात. वर म्हटलेल्या सहा तऱ्हांपैकी पार होण्याची तऱ्हा इथे वापरली जाते, आणि सगळी अंतरं त्याच तऱ्हेला बांधलेली असतात. शेपटापलीकडे गेल्यावर त्यांना डावीकडून येणारे ए ग्लायडरांचे चौकडे भेटतात. या चौकड्यांचं एकच काम: चालत्या अंकाला भिडून त्याला उभ्या सी-२ मध्ये गोठवणं. अंक रांगेच्या शेवटी जोडला गेला. तोपर्यंत उजवीकडे पुढचा म्होरक्या पुढच्या अंकावर येऊन पोचलेला असतो.

वरच्या तक्त्यातली पहिली फेरी अशी वाचा: `11` मधला पहिला १ मोडला, होकार निघाला, तुकडा `10` चालता झाला, उरलेल्या १ मधून पार गेला आणि पलीकडे गोठला. चौथ्या फेरीत ० मोडला, नकार निघाला, तुकडा `0` वाटेतच गेला.

प्रत्यक्ष रचनेतला घाम सगळा अंतरांचा आहे. म्होरक्या, तुकड्याचे भाग आणि डावीकडचे चौकडे यांच्यातली प्रत्येक फट अशी हवी की आधीच्या सगळ्या धडकांनंतरही पुढची धडक हव्या त्याच तऱ्हेची होईल. एक फट चुकली तरी नक्कल तिथेच संपते. हे बिघडलेलं ओळखणं मात्र सोपं असतं: दर सातव्या ओळीच्या चित्रात सरळ उभ्या रेघांच्या जागी अस्ताव्यस्त ठिपके पसरायला लागतात. घरी पूर्ण बांधणी उभारायचा अट्टहास करू नका, त्यासाठी घरं लाखांत लागतात. त्याऐवजी अस्ताव्यस्त ओळीतून निघालेली एक उभी सी रेघ निवडा आणि तिच्यावर काय काय येऊन आदळतं ते बघा. कधी ती सरकते, कधी नाहीशी होते.

कुठे जपून बोलावं

कुक यांच्या रचनेत सुरुवातीची ओळ अनंत असते: उजवीकडे तुकड्यांची यादी आणि डावीकडे चौकडे कायम येत राहायला हवेत. दोन्ही बाजूंना ठराविक नक्षी पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे गणना चोरून ओळीत घातली असं म्हणता येत नाही. पण दोन्हीकडे सगळी शून्यं असलेली मोजकी सुरुवात ही नव्हे. म्हणून याला कमकुवत अर्थाने सार्वत्रिक म्हणतात. तुमच्या पडद्यावरच्या कड्यावर तर खरी सार्वत्रिकता शक्यच नाही: n घरांच्या कड्याला २ चा n वा घात एवढ्याच अवस्था, म्हणजे कधी ना कधी आधीची अवस्था परत येणार आणि पुढे तेच चक्र फिरणार.

थांबण्याचंही तसंच. टॅग प्रणाली रांग रिकामी झाली की थांबते, नियम ११० थांबत नाही. ग्लायडर येतच राहतात. तेव्हा "अमुक नक्षी दिसली म्हणजे उत्तर आलं" असं आधी ठरवून घ्यावं लागतं, आणि दिलेल्या सुरुवातीतून ती नक्षी कधी दिसेल का, हे सर्व बाबतींत सांगणारी कुठलीही पद्धत असू शकत नाही.

वेगाचं काय? कुक यांच्या मूळ साखळीत टॅग प्रणालीमुळे नक्कल प्रचंड मंद होती, घातांकी पटीने. २००६ मध्ये टर्लो नीअरी आणि डॅमियन वुड्स यांनी मधली कडी बदलून ती बहुपदी वेळेत आणली, आणि त्यातून नियम ११०ची t पायऱ्यांनंतरची अवस्था सांगणं हा प्रश्न पी-पूर्ण, म्हणजे बहुपदी वेळेत सुटणाऱ्या प्रश्नांतल्या सर्वांत अवघड गटातला, असल्याचं दाखवलं. याचा व्यवहारातला अर्थ नियम ९० शेजारी ठेवला की कळतो. नियम ९० म्हणजे फक्त दोन शेजाऱ्यांचं एक्सऑर. तिथे १०२४ पायऱ्यांनंतर एखादं घर काय असेल, हे सुरुवातीच्या ओळीतली दोनच घरं बघून सांगता येतं: १०२४ घरं डावीकडचं आणि १०२४ घरं उजवीकडचं, त्यांचं एक्सऑर. वरच्या कोडमध्ये `RULE = 90` करून, ओळ ३००० घरांची अस्ताव्यस्त घेऊन हे तपासा; कड्यावरही ते खरं ठरतं. नियम ११०साठी अशी आडवाट कुणाला सापडलेली नाही. एखादं घर १०२४ पायऱ्यांनंतर काय असेल हे हवं असेल, तर `step` १०२४ वेळा चालवा.